एसओपीतली आपली गोष्ट: गायरानाच्या पावतीतून संशोधनाचा प्रश्न कसा काढावा

परदेशातील किंवा देशातील विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करताना गुणपत्रिका आणि शिफारसपत्रांसोबत बहुतेक ठिकाणी एक लेखी निवेदन मागितले जाते. त्याला स्टेटमेंट ऑफ पर्पज, थोडक्यात एसओपी म्हणतात. मला काय शिकायचे आहे, ते याच अभ्यासक्रमात का, आणि त्यासाठी माझी तयारी काय, हे त्यात सांगायचे असते. आपल्या वस्त्यांतून, पहिल्या पिढीत पदवीपर्यंत आलेल्या मुलामुलींचे अर्ज बहुधा याच कागदावर अडकतात. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, पण ते चुकीच्या कामाला लावलेले असते.

नुसते नियम सांगून हे कळत नाही, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, बिडकीनची एक विद्यार्थिनी आहे. पैठण रोडवरचे हे गाव आता शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रामुळे, म्हणजे ऑरिकमुळे, सगळ्यांना माहीत झाले आहे. तिने समाजकार्यात पदवी घेतली आहे आणि तिला नेदरलँड्समधील हेग येथील इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीजमध्ये विकास अभ्यास या विषयात एमए करायचे आहे. ही विद्यार्थिनी काल्पनिक आहे, पण तिचा पहिला मसुदा ओळखीचा वाटेल. एसओपी इंग्रजीत लिहायची असते. इथे मजकूर मराठीत देतो.

पहिला मसुदा असा सुरू होतो:

"मी मराठवाड्यातील बिडकीन या गावात एका गरीब बौद्ध कुटुंबात जन्मले. वडिलांनी मजुरी करून आम्हा तिघा भावंडांना शिकवले. घरात अभ्यासाला जागा नव्हती, तरी मी कधी हार मानली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे माझे प्रेरणास्थान आहे. समाजाचे ऋण फेडण्यासाठी मला उच्च शिक्षण घ्यायचे आहे. आपली संस्था जगातील नामवंत संस्था असून तेथील अनुभवी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाचा मला लाभ होईल."

यातले एकही वाक्य खोटे नाही. तरीही तिला नेमके काय शिकायचे आहे, हे एकाही वाक्यातून कळत नाही. हाच परिच्छेद नर्सिंगच्या, एमबीएच्या किंवा मातीशास्त्राच्या अर्जाला जोडला तरी चालेल. अर्ज वाचणाऱ्या प्राध्यापकासमोर असे शेकडो अर्ज असतात. वाचून त्याला आदर वाटेल, पण त्याला ठरवायचे असते ते वेगळेच: या मुलीला हा अभ्यासक्रम झेपेल का, तिचा प्रश्न आमच्याकडे शिकवता येण्यासारखा आहे का, आणि तो प्रश्न तिला स्वतःला स्पष्ट झाला आहे का. "मी खूप सोसले" हे यातल्या कशाचेच उत्तर नाही.

पहिल्या मसुद्यात कामाची ओळ नेहमी कुठेतरी खाली दडलेली असते. या मसुद्यातही ती तिसऱ्या पानावर आहे: "माझे आजोबा गायरान जमीन कसत. ती त्यांच्या नावावर नव्हती." तिला वाटले, ही घरातली गोष्ट, लिहायची म्हणून लिहिली. प्रत्यक्षात अख्खी एसओपी या दोन वाक्यांवर उभी राहू शकते.

ती कशी, हे पाहायचे तर त्या ओळीला प्रश्न विचारावे लागतात. जमीन किती होती? केव्हापासून कसत होते? नोंद कुठे होती? घरात कागद कोणते आहेत? समजा आजोबांच्या पेटीत दंडाच्या जुन्या पावत्या निघाल्या आणि तलाठ्याकडून काढलेला एक उतारा निघाला. तो सातबारा नाही, गाव नमुना १-ई चा उतारा आहे. मराठवाड्यात भूमिहीनांच्या चळवळीत काम केलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. १-ई ही सरकारी जमिनीवरील अतिक्रमणाची नोंदवही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तो शेतकरी, आणि १-ई मध्ये ज्याचे नाव आहे तो अतिक्रमक. नांगर दोघांचाही सारखाच चालतो, पण सरकारी कागदावर दोघे वेगळे होतात.

या कागदामागे इतिहास आहे. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी झालेली गायरानावरील अतिक्रमणे ठरावीक अटींवर नियमित करण्याची तरतूद केली. त्यातून किती जणांना जमीन मिळाली आणि किती जण १-ई मध्येच राहिले, हा गावागावात तपासण्याचा विषय आहे. आपल्या विद्यार्थिनीच्या आजोबांचे नाव १-ई मध्येच राहिले असे धरू.

आता ही घरची गोष्ट बिडकीनच्या गोष्टीला जोडून पाहा. औद्योगिक क्षेत्रासाठी इथे हजारो एकर जमीन घेतली गेली. मोबदला ठरतो तो कागदावरच्या हक्कावर. मग ज्यांची वहिवाट फक्त अतिक्रमणाच्या नोंदवहीत आहे, किंवा कुठेच नाही, त्यांचे काय होते? औद्योगिक क्षेत्र आल्यावर अशी घरे कोणते काम करतात, कुठे जातात, आणि आपला हक्क सांगण्यासाठी कोणता कागद पुढे करतात? हा संशोधनाचा प्रश्न झाला. विकास अभ्यास शिकवणाऱ्या कोणत्याही विभागाला तो लगेच ओळखता येईल.

हाच परिच्छेद दुसऱ्या मसुद्यात असा येतो:

"माझ्या आजोबांच्या पेटीत दंडाच्या पावत्या आहेत. पैठण तालुक्यातील सामाईक चराऊ जमिनीचा, म्हणजे गायरानाचा, दोन एकरांचा तुकडा ते कसत. त्यांचे नाव मालकीच्या नोंदीत नाही, अतिक्रमणाच्या नोंदवहीत आहे. आमच्या बिडकीन गावाभोवती औद्योगिक क्षेत्रासाठी भूसंपादन झाले, तेव्हा मोबदल्याच्या सगळ्या चर्चेत शेतकरी म्हणजे मालकीचा उतारा असलेला माणूस असेच धरले जात होते. पदवीच्या शेवटच्या वर्षी मी गायरान कसणाऱ्या ४० कुटुंबांना भेटले आणि त्यांच्याकडे कोणते कागद आहेत याची यादी केली. नोंद नसलेल्या वहिवाटीचे भूसंपादनात काय होते, हे मला शिकायचे आहे."

इथे तिची जात, तिची गरिबी, तिचे गाव सगळे आले आहे. काहीच गाळलेले नाही. फरक इतकाच की प्रत्येक तपशील आता काम करतो. पावत्या सांगतात की महसुली कागद तिला वाचता येतात. ४० कुटुंबे सांगतात की ती प्रत्यक्ष क्षेत्रकाम करू शकते. बिडकीन हे नाव सांगते की या ठिकाणी तिला लोक दारात उभे करतील आणि बोलतील, जे बाहेरच्या संशोधकाला सहज जमत नाही. वैयक्तिक गोष्टीने शैक्षणिक पात्रतेला आधार द्यायचा तो असा.

गोष्टीतले कोणते वाक्य ठेवायचे आणि कोणते काढायचे, यासाठी एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक वाक्यापुढे "म्हणून मला शिकायचे आहे की" हे शब्द लावून वाक्य पुढे नेऊन पाहा. "आजोबांचे नाव १-ई मध्ये होते, म्हणून मला शिकायचे आहे की नोंद नसलेल्या वहिवाटीचे काय होते." हे चालले. "घरात अभ्यासाला जागा नव्हती, म्हणून मला शिकायचे आहे की..." इथे वाक्य अडते. ते वाक्य कितीही खरे आणि कितीही जवळचे असले तरी या कागदातून काढावे. ते वाया जात नाही. काही विद्यापीठे दोन वेगळे कागद मागतात. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ एसओपीसोबत पर्सनल हिस्ट्री स्टेटमेंट वेगळे मागते. घरची परिस्थिती, शिक्षणातले अडथळे, समाजासाठी केलेले काम हे तिथे लिहायचे असते. ज्यांना दोन कागद मागितले आहेत त्यांनी तीच गोष्ट दोन्हीकडे उतरवू नये.

बाबासाहेबांचे नाव आपल्या जवळपास प्रत्येक एसओपीत प्रेरणास्थान म्हणून येते. त्यांच्याकडून इथे घेण्यासारखे आहे ते त्यांचे लिहिणे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. वय २५. लहानपणी गोरेगावच्या प्रवासात गाडीवाल्याने केलेली वागणूक त्यांच्या आठवणीत ताजी असणार. पण निबंधात ती नाही. निबंधात सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या आहेत, प्रत्येक व्याख्येत काय कमी पडते हे आहे, आणि जातीचे मूळ लक्षण सजातीय विवाह हे आहे अशी मांडणी आहे. गोरेगावचा प्रवास, आणि आपल्या जवळच्याच दौलताबाद किल्ल्यातल्या पाण्यावरून १९३४ मध्ये झालेला प्रकार, हे त्यांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहिले. तिथे बाहेरच्या वाचकाला अस्पृश्यता म्हणजे काय हे प्रसंगांतून दाखवायचे होते. एकाच माणसाचे हे दोन कागद दोन वेगळ्या कामांसाठी आहेत. एसओपी पहिल्या कागदाच्या बाजूला जास्त झुकते. एक प्रसंग घ्यावा, पण त्यातून प्रश्नाकडे लवकर निघावे. आणि ज्या विभागात जात हा विषय शिकवला जातो, तिथल्या प्राध्यापकाला जातिव्यवस्था समजावण्यात दोनशे शब्द घालवू नयेत. गायरान म्हणजे काय हे मात्र अर्ध्या वाक्यात सांगावेच लागते, कारण तो शब्द हेगमध्ये कुणाला माहीत नसणार.

आता "हीच संस्था का" हा भाग. बहुतेक मसुदे इथे सपाट होतात. नामवंत संस्था, अनुभवी प्राध्यापक, समृद्ध ग्रंथालय. आणखी एक कसोटी लावा: संस्थेचे नाव खोडून दुसऱ्या विद्यापीठाचे नाव लिहा. परिच्छेद तसाच चालला तर तो परिच्छेद अजून लिहिलाच गेलेला नाही. हेगच्या या संस्थेत शेती, जमीन आणि ग्रामीण बदल यांवर अनेक वर्षे काम होत आले आहे, आणि जगभरातल्या जमीन बळकावण्याच्या अभ्यासात तिथल्या प्राध्यापकांची नावे वारंवार येतात. विद्यार्थिनीने संस्थेच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचे विषय पाहावेत, त्यातला एखादा निवडावा, आणि आपल्या प्रश्नातला कोणता तुकडा तिथे शिकता येईल हे दोन वाक्यांत लिहावे. एवढे पुरे. पाच प्राध्यापकांची नावे ओळीने लिहिली की वाचणाऱ्याला कळते की ती संकेतस्थळावरून उचलली आहेत.

याहून महत्त्वाचे म्हणजे आधी कुणी काय लिहिले आहे हे एक-दोन पुस्तकांच्या आधारे दाखवणे. बिडकीनच्या प्रश्नासाठी दोन पुस्तके अगदी हाताशी आहेत. मायकेल लेव्हिन यांचे 'डिस्पझेशन विदाऊट डेव्हलपमेंट' (२०१८) राजस्थानात जयपूरजवळच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन गेलेल्या गावावर आहे. साई बालकृष्णन यांचे 'शेअरहोल्डर सिटीज' (२०१९) तर महाराष्ट्रातलेच आहे: मगरपट्टा, लवासा, खेड. रस्त्यांच्या आणि उद्योगांच्या पट्ट्यात जमीनधारक शेतकरी नव्या शहरांत भागधारक कसे होतात, आणि त्यात जात आणि जुनी सहकारी सत्ता कशी काम करते, हे त्यात आहे. विद्यार्थिनीला इथे आपली जागा सापडते. जमीन असणारे भागधारक होऊ शकतात. ज्यांची जमीन कागदावर नाही त्यांचे काय, हे तिला पुढे पाहायचे आहे. हे एक वाक्य तिच्या एसओपीत आले तर "नामवंत संस्था" वगैरे लिहिण्याची गरज उरत नाही. पण पुस्तक वाचलेले हवे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो. आणि "या विषयावर आजवर कुणीही अभ्यास केलेला नाही" असे कधी लिहू नये. ते जवळजवळ नेहमीच चुकीचे ठरते, आणि वाचणारा प्राध्यापक कदाचित स्वतःच तो अभ्यास केलेला असतो.

प्रश्न मांडताना कायद्याच्या तपशिलात घसरण्याचा धोका इथे खास आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत जमीनमालकांसोबत शेतमजूर, कूळ, बटाईदार आणि कारागीर यांचाही समावेश आहे, संपादनाआधी तीन वर्षे त्यांची मुख्य उपजीविका त्या भागावर असेल तर. हे वाचून कुणीही उत्साहाने लिहील की बिडकीनच्या भूमिहीनांना हे लागू होते. पण बिडकीनचे संपादन एमआयडीसीमार्फत महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ खाली झाले. म्हणून २०१३ ची व्याख्या इथे आपोआप लागू झाली असे गृहीत धरता येत नाही. उलट, या दोन कायद्यांत बाधित कोण हे वेगवेगळे का ठरते, हाच तिच्या प्रश्नाचा एक धारदार भाग होऊ शकतो. इतका बारकावा एका वाक्यात आला तर मजकूर लगेच वजनदार होतो.

शब्दांची मर्यादा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स १,००० ते १,५०० शब्द मागते. काही ठिकाणी ५०० च असतात. हजार शब्द धरले तर मी गोष्टीला दीडशेच्या वर जाऊ देणार नाही. तीनशे शब्द शिक्षण आणि क्षेत्रकामाला, अडीचशे प्रश्नाला आणि आधीच्या अभ्यासाला, दोनशे त्या अभ्यासक्रमाला, उरलेले शंभर पुढे काय करणार याला. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी हरकत नाही, पण मसुदा हाती घेऊन घरच्या परिस्थितीच्या ओळी एका रंगाने आणि अभ्यासाच्या ओळी दुसऱ्या रंगाने रंगवा. पहिला रंग पानभर पसरलेला दिसला तर दुरुस्ती कुठे करायची ते समोरच दिसते.

उलट टोकही टाळावे. काही जण सल्ला ऐकून गोष्ट पूर्णच काढून टाकतात आणि मग एसओपी कुणाचीही वाटते. पावत्यांचे वाक्य काढले तर ४० कुटुंबांकडे ती का गेली हे कळणार नाही.

एखाद्या वर्षी नापास झाला असाल, किंवा कामावर जावे लागल्याने शिक्षणात खंड पडला असेल, तर ते दोन वाक्यांत सांगावे: काय झाले आणि नंतर गुण कसे सुधारले. तक्रारीचा सूर नको आणि माफीचाही नको. "समाजाचे ऋण फेडणे" या शब्दांच्या जागी नेमके काम लिहावे. पैठण तालुक्यातील गायरानधारकांच्या नोंदी गोळा करून ग्रामसभांसाठी आणि वकिलांसाठी माहिती तयार करणे, हे तिचे पुढचे काम असेल तर तेच लिहावे. त्यात ऋण आपोआप दिसते.

एक अडचण अशी आहे की ती प्रश्न पक्का करण्याआधीच समजून घ्यायला हवी. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे जो प्रश्न या विद्यार्थिनीची एसओपी मजबूत करतो, तोच या शिष्यवृत्तीच्या वाटेत येऊ शकतो. या नियमावर आपल्या चळवळीतून टीका झाली आणि ती रास्त आहे. पण अर्जदाराला त्या वर्षीची नियमावली ओळ न् ओळ वाचूनच पाऊल टाकावे लागते. विषय लपवून एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर वेगळे लिहू नये. दोन्ही कागद पुढे समोरासमोर येतात. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या यांचे नियम वेगळे असतात, म्हणून तिथेही अर्ज ठेवावेत. शिष्यवृत्तीच्या निबंधात घरची आर्थिक परिस्थिती सविस्तर लिहायला जागा असते. एसओपीतून काढलेली वाक्ये तिथे कामी येतात.

शेवटचा मसुदा तयार झाला की शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना तो मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी द्यावा, सोबत क्षेत्रकामाचा अहवालही द्यावा. आपल्याकडची शिफारसपत्रे बऱ्याचदा "होतकरू व प्रामाणिक विद्यार्थिनी" एवढ्यावरच संपतात. सरांनी किंवा मॅडमनी त्याच पत्रात लिहिले की ४० कुटुंबांची माहिती हिने स्वतः जमवली, १-ई चे उतारे तलाठ्याकडून काढले आणि नोंदी पडताळून पाहिल्या, तर एसओपीतले तिचे म्हणणे दुसऱ्या माणसाच्या सहीने पक्के होते.